आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पाली अभ्यासवर्गात आणि पत्रांतून गेली अनेक वर्षं हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणाऱ्यांत धम्मात वाढलेले आहेत, विपश्यनेचं शिबिर करून आलेले आहेत, आणि गीता पाठ असलेले आजोबाही आहेत. उत्तरं मुख्यतः पाली सुत्तांवर आणि ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथावर आधारलेली आहेत. दुसऱ्या परंपरांचं मत जिथे वेगळं पडतं, तिथे तसं सांगितलं आहे.

१. ‘आत्मा नाही’ म्हणजे नक्की काय नाही?

माणसाच्या आत बसलेला, न बदलणारा, सगळ्याचा मालक आणि चालक असा कोणी नाही. बुद्धांनी हे सारनाथला पाच भिक्खूंना सांगितलं, आणि सांगताना अगदी साधा निकष लावला. हे शरीर खरंच ‘माझं’ असतं, तर ‘ते असं असावं, तसं नसावं’ हे माझ्या हातात असतं. पण ते आजारी पडतं, म्हातारं होतं, मला विचारत नाही. हाच निकष त्यांनी वेदना, संज्ञा म्हणजे ओळखणं, संस्कार म्हणजे मनाच्या प्रवृत्ती, आणि विज्ञान यांनाही लावला. रूप म्हणजे शरीर, आणि ही चार. मिळून पाच स्कंध. माणूस म्हणून जे काही हाती लागतं ते सगळं या पाचांत येतं, आणि पाचांपैकी एकही मालकीच्या कसोटीला उतरत नाही.

इथे ‘वेदना’ म्हणजे दुखणं नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी कोणतीही जाणवणूक. ‘विज्ञान’ म्हणजे शाळेतला विषय नव्हे, तर जाणीव. रोजच्या मराठीतले अर्थ मनात ठेवून वाचलं की इथेच घोटाळा सुरू होतो.

२. मग ‘मी’ नाहीच का? हे पत्र लिहिलं कोणी?

तुम्हीच लिहिलंत, आणि तसं म्हणण्यात काही चूक नाही. सागल नगरीत, म्हणजे आजच्या सियालकोटच्या परिसरात, ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला भेटला. नागसेन म्हणाला, मला ‘नागसेन’ म्हणतात खरं, पण ते नुसतं नाव आहे. राजाने विचारलं, मग नागसेन कोण? केस? दात? विज्ञान? नागसेनाने उलट प्रश्न केला, महाराज, आपण रथातून आलात; रथ म्हणजे आस का? चाकं? जू? यांतलं एकेक रथ नाही, आणि हे सगळं सोडून वेगळा रथही कुठे नाही. भाग जुळले की ‘रथ’ हा शब्द चालतो. ‘मी’ हा शब्दही तसाच चालतो. बुद्ध स्वतः बोलताना ‘मी’ म्हणतच होते.

३. आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर बुद्धांनी प्रश्न दुरुस्त करून दिलेलं आहे. मोलियफग्गुन नावाच्या भिक्खूशी झालेला त्यांचा संवाद संयुक्त निकायात आहे. बुद्ध म्हणाले होते की प्राणी चार आहारांवर टिकतात, आणि त्यांतला एक आहार विज्ञान. फग्गुनाने लगेच विचारलं, विज्ञानाचा आहार घेतो कोण?

बुद्ध म्हणाले, हा प्रश्न नीट नाही. ‘कोणी तरी घेतो’ असं मी म्हणतच नाही. म्हणालो असतो, तर ‘कोण’ विचारणं बरोबर होतं. विचारायचं तर असं विचार, की हा विज्ञान-आहार कशाला कारण होतो? त्याचं उत्तर आहे : पुढे होणाऱ्या जन्माला. फग्गुन थांबला नाही. स्पर्श कोण करतो? अनुभवतो कोण? तृष्णा कोणाला होते? दर वेळी बुद्धांनी ‘कोण’ बाजूला केला आणि ‘कशामुळे’ आणून ठेवला. स्पर्शामुळे वेदना, वेदनेमुळे तृष्णा, तृष्णेमुळे उपादान, म्हणजे धरून ठेवणं, त्यामुळे भव, म्हणजे होत राहणं, आणि भवामुळे जन्म.

माझ्या मते या विषयाची किल्ली हीच आहे. आपल्याला वाटतं, बुद्धांनी आत्मा काढून घेतला आणि पुनर्जन्म विसरून तसाच ठेवला. त्यांनी केलं ते वेगळंच. ‘जन्मणारा’ शोधायचा सोडून जन्माची कारणं शोधली, कारण थांबवता येतात ती कारणं. पुनर्जन्म म्हणजे एखादी वस्तू इथून तिथे जाणं नव्हे. इथल्या कारणांनी तिथे काही तरी उभं राहणं, एवढंच.

४. जुने कपडे टाकून नवे घालावेत तसंच ना हे?

नाही. गीतेतली ती उपमा मराठी माणसाच्या कानात इतकी मुरली आहे की ‘पुनर्जन्म’ म्हटलं की तीच समोर येते. त्या उपमेत कपडे बदलतात आणि घालणारा तोच राहतो. बौद्ध मांडणीत घालणारा नाही. नागसेनाची उपमा दिव्याची आहे. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातली ज्योत उचलून दुसऱ्यात गेली का? नाही. पण दुसरा पहिल्यामुळेच लागला. पहिला नसता, तर त्या क्षणी तो तसा पेटला नसता.

५. निदान विज्ञान तरी एका जन्मातून दुसऱ्यात जात असेल?

हा समज इतका जुना आहे की बुद्धांच्या हयातीतच एका भिक्खूचा झाला होता. त्याचं नाव साती, कोळ्याचा मुलगा. तो म्हणायचा, ‘भगवंतांच्या शिकवणीप्रमाणे हेच विज्ञान फिरत राहतं, दुसरं नाही.’ सोबतच्या भिक्खूंनी समजावलं, पण तो हटेना. शेवटी श्रावस्तीला जेतवनात बुद्धांनी त्याला बोलावून विचारलं, कोणतं रे ते विज्ञान? साती म्हणाला, ‘हेच, जे बोलतं, अनुभवतं आणि बऱ्या-वाईट कर्मांची फळं इथे-तिथे भोगतं.’

बुद्धांनी त्याला कडक शब्दांत झापलं : अरे भल्या माणसा, असं मी कोणाला शिकवलं? कारणाशिवाय विज्ञान उत्पन्न होत नाही, हे मी किती परींनी सांगितलं आहे! मग त्यांनी विस्तवाची उपमा दिली. लाकडावर पेटला तो लाकडाचा विस्तव, गवतावर पेटला तो गवताचा, गोवऱ्यांवरचा गोवऱ्यांचा, तुसावरचा तुसाचा. तसं डोळा आणि रूप यांच्यामुळे उत्पन्न होतं ते चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांच्यामुळे श्रोत्रविज्ञान, आणि असंच मनापर्यंत.

चूल पेटवलेल्यांना हे लवकर कळतं. तुसाचा विस्तव आतल्या आत धुमसतो, गवताचा भडकून लगेच बसतो. सरपण वेगळं की आच वेगळी. सरपण संपल्यावर शिल्लक राहणारा, कुठे तरी निघून जाणारा असा ‘निव्वळ विस्तव’ नसतो. मात्र विझायच्या आधी शेजारच्या गवताला धग लागली, तर तिथे विस्तव उभा राहतो.

सातीची चूक नीट पाहा. पुनर्जन्म आहे, एवढ्यासाठी त्याला कोणी झापलं नाही. ‘हेच, दुसरं नाही’ या शब्दांसाठी झापलं. त्याने आत्मा हा शब्द टाकला होता, पण त्याच्या जागेवर विज्ञानाला बसवलं होतं. आज ‘चेतना’ किंवा ‘ऊर्जा जाते’ असं म्हणणारे बहुतेक जण सातीच्याच वाटेने चाललेले असतात. स्वतःचं तपासायचं असेल, तर आपल्या वाक्यात ‘जी जाते ती बदलत नाही’ असं लपलं आहे का, ते बघावं.

६. मग पुढे जन्मतो तो मीच की दुसराच?

तोही नाही, दुसराही नाही. पालीत ‘न च सो न च अञ्ञो’. हे ऐकून चिडायला होतं, म्हणून नागसेनाने आधी याच जन्मातला दाखला दिला. महाराज, पाळण्यातलं उताणं पडलेलं बाळ आणि आजचे आपण एकच का? राजा म्हणाला, नाही, ते वेगळं होतं. नागसेन म्हणाला, मग आपल्याला आई नाही, बाप नाही, गुरू नाही! विद्या शिकला एक आणि विद्वान झाला दुसरा! दोघंही ‘मीच’ ठरतात ते या एका देहाच्या आधाराने प्रवाह अखंड चालला म्हणून.

रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरणही तिथेच आहे. मी एकदा वीज गेलेल्या रात्री पणती समोर ठेवून हे मुद्दाम पाहिलं. दहा वाजता तेल काठापर्यंत होतं, पहाटे तळाला थोडं उरलं होतं. वातीचं पुढचं टोक काजळी होऊन गळून गेलं होतं आणि मी ती तीन वेळा पुढे सरकवली होती. जळत होतं ते तेल प्रत्येक घटकेला नवं. तरी सकाळी घरच्यांना ‘रात्रभर पणती होती’ असंच सांगितलं, आणि ते खरंच होतं.

म्हणजे मरणाच्या आधी ‘तोच’ आणि मरणानंतर ‘तोही नाही, दुसराही नाही’ असा नियम बदलत नाही. कालचे तुम्ही आणि आजचे तुम्ही यांचं नातं ज्या जातीचं आहे, त्याच जातीचं हेही नातं. देह मात्र तिथे तुटतो. म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही.

७. कर्म एकाने करायचं आणि फळ दुसऱ्याने भोगायचं, हा अन्याय नाही का?

मिलिंदानेही हेच विचारलं : पुढे जन्मणारं नामरूप, म्हणजे मन आणि शरीर, वेगळं असेल, तर माणूस पापातून सुटलाच की! नागसेनाने चोराची गोष्ट सांगितली. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, याने लावले ते आंबे निराळे, मी नेले ते निराळे. सुटेल का तो? नाही, कारण नेलेले आंबे लावलेल्यांतूनच आले.

मला त्याच प्रकरणातली दिव्याची गोष्ट जास्त पटते. एक माणूस दिवा घेऊन माडीवर जेवायला बसला. दिव्याने छपराचं गवत पेटलं, गवताने घर, घराने गाव. गावकऱ्यांनी धरलं तर म्हणतो, ‘मी ज्याच्या उजेडात जेवलो तो दिव्याचा विस्तव वेगळा, गाव जाळणारा वेगळा.’ शब्दाला धरून त्याचं खरं आहे. पण कोणता गावकरी त्याला सोडेल? जबाबदारी ठरते ती ‘तीच वस्तू आहे का’ यावर नाही, ‘त्यातूनच हे झालं का’ यावर.

हा आक्षेप खुद्द बुद्धांसमोरही आला होता. पौर्णिमेच्या रात्री श्रावस्तीच्या पूर्वारामात एका भिक्खूच्या मनात आलं, सगळंच अनात्म असेल, तर अनात्म्याने केलेली कर्मं कोणत्या आत्म्याला लागणार? बुद्धांनी ते ओळखलं, पण फळ भोगणारा कोणी नवा पुढे केला नाही. ते पुन्हा मुळाशी गेले : रूप नित्य की अनित्य? अनित्य असेल ते ‘मी’ म्हणून धरणं योग्य का? म्हणजे त्या भिक्खूने एका हाताने आत्मा सोडला होता आणि दुसऱ्या हाताने फळ ठेवायला परत मागितला होता.

८. एका दिव्यावर शंभर दिवे लागतात. मग एका माणसाचे शंभर पुनर्जन्म का नाहीत?

चांगला प्रश्न आहे, आणि उपमा कुठे संपते ते दाखवणारा आहे. नागसेनाने दिवा आणला तो एकाच मुद्द्यासाठी : काही न जाताही काही सुरू होऊ शकतं. संख्येसाठी नाही. संख्येचं उत्तर अभिधम्मात, म्हणजे शिकवणीचं बारीक विश्लेषण करणाऱ्या ग्रंथांत, मिळतं. चित्तं एकामागून एक, एका वेळी एकच उत्पन्न होतात. मरणक्षणाचं शेवटचं चित्त ते च्युतिचित्त, आणि त्याच्या लगेच मागून नव्या जन्माचं पहिलं ते प्रतिसंधिचित्त. रांगेत एकाच्या मागे एकच उभा राहतो, म्हणून फाटे फुटत नाहीत.

पाचव्या शतकात ‘विसुद्धिमग्ग’ लिहिणाऱ्या बुद्धघोषांनी दिव्याच्या जोडीला प्रतिध्वनी आणि शिक्क्याचा ठसा घेतला. शिक्का मेणात उतरतो. धातू मेणात जात नाही, तरी नक्षी येते.

९. मरण आणि पुढचा जन्म यांच्या मध्ये काय असतं?

इथे परंपरांत खरा मतभेद आहे. पाली ग्रंथ मानणारी परंपरा, म्हणजे थेरवाद, म्हणतो, मध्ये काहीच नाही. च्युती आणि प्रतिसंधी यांत फट नाही. सर्वास्तिवादी हा जुना बौद्ध संप्रदाय; ते ‘अंतराभव’ म्हणजे मधली अवस्था मानत, आणि तिबेटी परंपरेत ती ४९ दिवसांपर्यंत धरतात. थेरवादी ‘कथावत्थू’ या ग्रंथात अंतराभव खोडून काढला आहे.

यावर एक पेच वाचक आवर्जून पाठवतात. सातीला झापलं त्याच सुत्तात पुढे म्हटलं आहे की गर्भ राहायला तीन गोष्टी लागतात : आईबापांचं मीलन, आईचा ऋतुकाल आणि ‘गंधब्ब’ची उपस्थिती. मग गंधब्ब म्हणजे आत्माच झाला की! अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी टीका, त्याचा अर्थ ‘कर्माच्या जोराने तिथे उत्पन्न व्हायच्या बेतात असलेला प्राणी’ असा करते. दुसरीकडे विज्ञान आईच्या कुशीत ‘उतरतं’ असाही शब्दप्रयोग सुत्तांत आहे. ही बोलीभाषा आहे, जसं आपण ‘सूर्य बुडाला’ म्हणतो. ज्या सुत्ताने ‘हेच विज्ञान फिरतं’ ही समजूत एवढ्या विस्ताराने मोडली, तेच पुढच्या काही परिच्छेदांत ती मागच्या दाराने आत घेईल, असं वाचणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

१०. मागचे जन्म आठवतात म्हणतात. ते आठवणारा कोण?

बुद्धांचं उत्तर नेमकं आहे. जे श्रमण-ब्राह्मण मागचे अनेक निवास आठवतात, ते पाच स्कंध किंवा त्यांतला एखादा स्कंधच आठवत असतात. ‘मागे माझं असं रूप होतं’ असं आठवतं तेव्हा आठवतं ते रूप, ‘अशी वेदना होती’ तेव्हा वेदना. त्यामागे उभा असलेला तोच एक साक्षीदार आठवणीत सापडत नाही. ‘माझं’ हा शब्द आठवणीला आज लागतो, जसा तो बाळपणीच्या आठवणीला लागतो (प्रश्न ६).

११. आत्मा नाहीच, तर वच्छगोत्ताने विचारल्यावर बुद्ध गप्प का बसले?

वच्छगोत्त परिव्राजकाने विचारलं, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. नाही का? तरीही गप्प. तो निघून गेल्यावर आनंद या शिष्याने कारण विचारलं. बुद्ध म्हणाले, ‘आहे’ म्हटलं असतं तर शाश्वतवाद्यांची, म्हणजे आत्मा कायम टिकतो म्हणणाऱ्यांची, बाजू घेतल्यासारखं झालं असतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर उच्छेदवाद्यांची, म्हणजे मरणाबरोबर सगळं संपतं म्हणणाऱ्यांची. शिवाय वच्छगोत्त आधीच गोंधळलेला. ‘माझ्याकडे आत्मा होता, तो आता राहिला नाही’ असं समजून तो आणखी गोंधळला असता. भिक्खूंना स्कंधांपासून पायरी-पायरीने शिकवलेलं होतं, त्याला नव्हतं. गप्प बसणं हे त्या माणसासाठी होतं.

१२. सगळेच बौद्ध ‘आत्मा नाही’ यावर एकमत होते का?

‘आत्मा’ यावर हो. ‘पुद्गल’ म्हणजे व्यक्ती यावर नाही. वात्सीपुत्रीय आणि त्यांच्यातून निघालेले सांमितीय हे जुने बौद्ध संप्रदाय म्हणायचे, पुद्गल स्कंधांहून वेगळा नाही आणि स्कंधच म्हणजे पुद्गल असंही नाही, जसा सरपणाशिवाय विस्तव नाही आणि सरपण म्हणजे विस्तव नाही. पुनर्जन्म आणि कर्मफळ नीट लावण्यासाठी हे लागतं, असं त्यांना वाटे. आचार्य वसुबंधूंनी आपल्या ‘अभिधर्मकोशा’च्या शेवटच्या प्रकरणात त्यांचा कडाडून प्रतिवाद केला.

हे लोक कुठले तरी दूरचे होते असं समजू नका. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने, पुळुमावी राजाच्या १९व्या राज्यवर्षी, ‘भदावनीय’ भिक्खूंना दिल्याचं तिथल्या शिलालेखात आहे. हा भद्रयाणीय निकाय परंपरेने वात्सीपुत्रीयांचीच शाखा मानला जातो. तिथल्या ओट्यांवर या आमच्याच प्रश्नाची चर्चा झाली असणार, असं मला त्या लेण्यात गेल्यावर दर वेळी वाटतं.

१३. बाबासाहेबांनी तर पुनर्जन्माचा वेगळाच अर्थ सांगितला आहे ना?

हो. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच त्यांनी हा प्रश्न मांडला : आत्मा नाही तर कर्म कसं, आणि पुनर्जन्म कसा? त्यांचं उत्तर असं की मेल्यावर शरीरातले पृथ्वी, आप, तेज, वायू हे घटक विश्वातल्या त्या त्या समुच्चयाला मिळतात, आणि अशाच घटकांच्या नव्या संयोगातून नवा जन्म होतो. त्याच मेलेल्या माणसाचे तेच घटक पुन्हा एकत्र यायला हवेत, असं नाही. म्हणजे पुनर्जन्म आहे, पण ‘अमक्याचा’ नाही.

हा अर्थ थेरवादी अट्ठकथांचा नव्हे. तिथे कर्माचा व्यक्तिगत प्रवाह पुढे चालतो (प्रश्न ८). दोन्ही एकच आहेत असं दाखवायची घाई करू नये. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर एक जखम होती : ‘मागच्या जन्मीचं पाप’ म्हणून माणसाला त्याच्या जातीत खिळवून ठेवणारं कर्म. त्या बाबतीत पाली सुत्तंही त्यांच्या बाजूने साक्ष देतात. सीवक परिव्राजकाने विचारलं होतं, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध म्हणाले, नाही. पित्त, कफ, वात, त्यांचं एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, निष्काळजीपणा, कोणी केलेला मारा आणि कर्मविपाक, अशी आठ कारणं आहेत. सगळं पूर्वकर्माचंच म्हणणारे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच्या पुढे धावतात. जातीचं दुःख माणसांनी माणसांना केलेला मारा आहे, हे सांगायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

१४. अर्हत, म्हणजे मुक्त झालेला माणूस, मेल्यावर काय होतं? आत्मा नव्हताच, तर संपलं कोण?

हा प्रश्नही वच्छगोत्ताचाच, वेगळ्या भेटीतला. मुक्त झालेला पुढे उत्पन्न होतो की नाही? बुद्ध म्हणाले, ‘होतो’ हे लागू पडत नाही, ‘होत नाही’ हेही नाही. वच्छगोत्त गोंधळला, तेव्हा त्यांनी विचारलं : समोर विस्तव जळत असेल तर कळेल ना तुला? कळेल. कशावर जळतो? गवत आणि लाकडावर. विझला तर कळेल? कळेल. मग तो विझलेला विस्तव कोणत्या दिशेला गेला, पूर्वेला की पश्चिमेला?

वच्छगोत्त म्हणाला, हे विचारणंच लागू होत नाही, गोतमा. सरपण संपलं आणि नवं घातलं नाही, म्हणून तो विझला.